२६ वर्षांनी शाळेतल्या मैत्रिणीला पहिला मेसेज: एक प्रकरण, तीन ड्राफ्ट

प्रकरण असं आहे. सुजाता आणि माधवी (नावं अर्थातच बदललीयेत), दोघी कराडच्या, पाचवीपासून एका वर्गात आणि शेवटची तीन वर्षं एका बाकावर. माधवीचे वडील पाटबंधारे खात्यात होते, १९९८ ला दहावीचा निकाल लागायच्या आधीच त्यांची नाशिककडे बदली झाली. सुरुवातीला इनलँड पत्रं गेली-आली, मग कोणाचं तरी उत्तर द्यायचं राहिलं, कोणाचं ते आज दोघींनाही सांगता येणार नाही, आणि संपलं. भांडण नाही, रुसवा नाही. हे डोक्यात ठेवा, पुढे लागणारे.

सुजाता आता पुण्यात माझ्या ऑफिसात आहे, शेजारच्या टेबलावर. आमच्या बॅचच्या गेट-टुगेदरला हरवलेली माणसं शोधायचं काम माझ्याकडे होतं हे तिला माहीत होतं, त्यामुळे २०२४ मध्ये एकदा डबा खाताना तिने फोन पुढे केला आणि म्हणाली, अगं हिला काय लिहू सांग ना.

आधी नंबर कसा मिळाला ते, कारण पुढच्या मेसेजमध्ये त्याचं काम आहे. आपल्याकडे शाळेतली मैत्रीण फेसबुकवर शोधणं म्हणजे वैताग असतो, आडनाव बदललेलं असतं, काही घरांत अजून लग्नात नावही बदलतात, आणि डीपीला एकतर गणपती नाहीतर मुलाचा फोटो. सुजाताने असंच दोन-तीन वर्षं अधूनमधून शोधलं. शेवटी दीपा नावाच्या वर्गमैत्रिणीला माधवी साताऱ्यात एका लग्नात भेटली, दीपाने नंबर घेतला आणि सुजाताला पाठवला. म्हणजे ओळखीतून, सरळ मार्गाने आलेला नंबर. तरी तो सुजाताच्या फोनमध्ये कित्येक महिने नुसता पडून होता.

हे तिचंच नाही, सगळ्यांचं होतं. २०२४ साली कॅनडातल्या सायमन फ्रेझर युनिव्हर्सिटीच्या लारा अॅक्निन आणि इंग्लंडमधल्या ससेक्स युनिव्हर्सिटीच्या जिलियन सँडस्ट्रॉम या दोघींनी नेमका याच गोष्टीवर अभ्यास छापला. त्यात लोकांनी स्वतःच असा जुना मित्र निवडला होता ज्याच्याशी बोलायला त्यांना आवडेल, नंबर हाताशी होता, मेसेज लिहायला आणि पाठवायला मुद्दाम वेळ दिला होता, आणि तरीही पाठवणारे एक-तृतीयांशाहून कमी निघाले. त्यांनी एक उपाय करून बघितला तो मला फार आवडला. जुन्या मित्राला लिहायच्या आधी काही मिनिटं आत्ताच्या मित्रमैत्रिणींना मेसेज करायला लावले, म्हणजे हात मोकळा झाला, आणि मग पाठवणारे निम्म्याच्या थोडे वर गेले. जुन्या मित्राशी बोलणं किती छान असतं वगैरे समजावून सांगण्याचा मात्र फारसा उपयोग झाला नव्हता.

त्याआधी २०२२ मध्ये पिट्सबर्ग युनिव्हर्सिटीच्या पेगी लिऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगांत असं दिसलं होतं की समोरच्याला आपला मेसेज किती आवडेल याचा अंदाज आपण कमीच बांधतो, आणि मेसेज जितका अनपेक्षित तितका तो मिळणाऱ्याला जास्त आवडतो. म्हणजे 'इतक्या वर्षांनी अचानक कसं' ही जी आपली भीती असते ना, तो अचानकपणाच आपल्या बाजूने असतो. पण आपल्याकडे यात एक गोची आहे, ती पहिल्या ड्राफ्टमध्ये दिसली.

सुजाताचा पहिला ड्राफ्ट असा होता:

"हाय! कशी आहेस? ओळखलंस का? बघू आठवतंय का!" आणि खाली गुलाबाचं फूल.

लिहिणाऱ्याला हे खेळकर वाटतं, पण वाचणारीच्या जागी बसून बघा. अनोळखी नंबर, व्हॉट्सॲप वर विचारतंय ब्लॉक करायचं का, आणि मेसेज म्हणतोय ओळख बघू. हल्ली फसवणारे लोक अगदी असंच सुरू करतात, ओळखलं का, आवाज ओळखला का, आणि आपण एखादं नाव घेतलं की हो हो मीच तो. बरं, फसवणूक नाही असं कळलं तरी दुसरी शंका रांगेत उभीच असते: पॉलिसी विकायची असेल, ते साबण-पावडरचं चेन मार्केटिंग असेल, सोसायटीत कर्ज पाहिजे असेल. वीस-पंचवीस वर्षांनी अचानक गोड बोलणाऱ्या माणसाचे असे अनुभव प्रत्येकाला आहेत. आणि खरंच मनापासून लिहिलंय असं धरलं तरी 'ओळखलंस का' ही परीक्षा आहे, नाही आठवलं तर समोरच्याला ओशाळवाणं होतं, आणि ओशाळलेलं माणूस उत्तर उद्यावर टाकतं.

म्हणून पहिल्या ओळीत कोडं नको, नाव पाहिजे. याला एक साधं तांत्रिक कारणही आहे. सेव्ह नसलेल्या नंबरवरून मेसेज आला की नोटिफिकेशनमध्ये सुरुवातीची एक-दोन ओळीच दिसतात, त्यावरच माणूस ठरवतं उघडायचं का सोडायचं. 'हाय कशी आहेस'मध्ये ती जागा फुकट जाते. प्रोफाइलला लावलेलं नाव तिला दिसतं खरं, पण सुजाताच्या प्रोफाइलला तेव्हा नुसतं 'एस के' लिहिलेलं आणि डीपीला सूर्यास्त. ते आधी बदललं, स्वतःचा चेहरा दिसेल असा फोटो लावला. बेचाळिशीतला चेहरा असला तरी बाकावरची पोरगी त्यात सापडते.

दुसरा ड्राफ्ट तिने घरी जाऊन लिहिला आणि तो उलट्या टोकाचा झाला. स्क्रोल करत बसावं एवढा लांब. सुरुवातीला पाच-सहा ओळी माफी, इतकी वर्षं कॉन्टॅक्ट ठेवला नाही सॉरी, मीच कमी पडले. मग स्वतःचा सगळा इतिहास, कॉलेज, लग्न, नोकरी, फ्लॅट, मुलगी कितवीत. मग प्रश्न: मिस्टर काय करतात, मुलं किती, काका काकू कसे आहेत, काका अजून तेवढेच कडक का? शेवटी, लवकरच भेटूया, कधी येतेस पुण्याला?

यातली प्रत्येक गोष्ट प्रेमानेच लिहिलेली, पण चार ठिकाणी अडतं.

माफीचं बघू आधी. माफी मागितली की समोरचीला 'अगं नाही गं, माझंही चुकलंच' असं म्हणावं लागतं, म्हणजे पहिल्याच उत्तरात तिच्यावर हिशेब फेडायची वेळ येते. ज्या गोष्टीत कोणाचाच दोष नव्हता, नुसती बदली झाली होती, तिथे दोष कशाला उकरायचा? इथे ते 'भांडण नव्हतं' कामाला येतं. भांडण असतं तर हा सगळा सल्लाच बदलला असता, मग आधी त्या भांडणाचं बोलावं लागतं आणि निळ्या रंगाच्या आठवणी काढून ते चुकवता येत नाही, उलट जास्त खोटं वाटतं. निळा रंग कुठला ते येतंय पुढे.

स्वतःचा इतिहास का नको, तर तो वाचताना नकळत तुलना होते. आपण फ्लॅटचं सहज लिहितो आणि समोरची भाड्याच्या घरात नवऱ्याच्या आजारपणात असू शकते. शिवाय तेवढ्याच लांबीचं उत्तर द्यायला हवं असं तिला वाटतं, आणि तेवढा निवांत वेळ काही मिळत नाही, मेसेज वाचलेला राहतो आणि महिना जातो. माझ्या बघण्यात न आलेल्या उत्तरांमध्ये राग क्वचितच असतो, बहुतेक वेळा 'नीट वेळ काढून लिहीन' हेच असतं.

'भेटूया'चं पण तसंच. पुढे शंभर टक्के म्हणा, पहिल्या मेसेजमध्ये नको. तारखेचा प्रश्न आला की माणूस कॅलेंडर बघायला लागतं आणि मेसेज बाजूला राहतो.

पण सगळ्यात मोठी अडचण त्या प्रश्नांची आहे. आपल्या डोक्यात मैत्रीण १९९८ सालातच उभी असते, तिचे आईवडील तेवढ्याच वयाचे, घर तेच. मधल्या २६ वर्षांत काय काय झालं असेल आपल्याला काही माहीत नसतं. 'मिस्टर काय करतात' हा प्रश्न घटस्फोट झालेलीला, 'मुलं किती' हा प्रश्न मूल नसलेलीला, आणि 'काका कसे आहेत' हा प्रश्न वडील गेलेलीला, म्हणजे हसत हसत नको तिथे हात लावणं. आपण लग्नकार्यात भेटल्यावर सर्रास विचारतो हे, पण तिथे समोर चेहरा असतो, सावरून घेता येतं. मेसेजमध्ये तो प्रश्न तिच्या स्क्रीनवर तसाच राहतो.

मी सुजाताला एकच गोष्ट सांगितली: आठवण काढ ती तेव्हाची काढ, आणि प्रश्न विचारायचा असेल तर तोही तेव्हाचाच विचार. आत्ताचं तिला स्वतःहून सांगू दे, जेवढं सांगायचंय तेवढं.

मग आम्ही आठवणी काढायला बसलो, आणि खरं काम हेच होतं. पहिल्यांदा येतात त्या सगळ्यांच्या सारख्याच असतात, 'किती मजा करायचो', 'ते दिवसच वेगळे', 'प्रीतिसंगमावरची भेळ'. कराडच्या कुठल्याही बॅचच्या कुठल्याही मुलीला हे पाठवता येईल, म्हणजे फॉरवर्डच झालं ते. मग तिला एक सरांची नक्कल आठवली, पण त्यात माधवीला वर्गाबाहेर उभं केलं होतं. आपल्याला गंमत वाटते, तिला ती दुपार कशी आठवत असेल कोणास ठाऊक. समोरचीची फजिती असलेली आठवण पहिल्या मेसेजला नकोच, टोपणनावाचंही तसंच, काहींना ते लाडकं असतं आणि काहींनी ते शाळेतच सोडून दिलेलं असतं.

मग एलिमेंटरीचं निघालं. एलिमेंटरी म्हणजे ती ड्रॉइंगची सरकारी परीक्षा, वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र वगैरे पेपर असतात तिचे. संकल्पचित्राच्या पेपरला सुजाताची पोस्टर कलरची निळी बाटली आडवी झाली, सगळा रंग बाकावर, आणि माधवीने आपल्या बाटलीतला अर्धा निळा तिला झाकणात ओतून दिला, सुपरवायझर बाई बघत असताना. मी म्हटलं बास, हेच. ही आठवण दोघींनाच माहीत, त्यामुळे लिहिणारी खरी सुजाताच आहे हे आपोआप सिद्ध होतं, वेगळं पटवून द्यावं लागत नाही. आणि यात माधवीने काहीतरी दिलंय, म्हणजे वाचताना तिला स्वतःबद्दल चांगलं वाटेल. अशी प्रत्येकाकडे असते एखादी, थोडं शांत बसावं लागतं.

तिसरा ड्राफ्ट, जो गेला:

"माधवी, मी सुजाता. कराडची, दहावी ब, ९८ ची बॅच, खिडकीजवळच्या बाकावरची. तुझा नंबर दीपाने दिला, साताऱ्याच्या लग्नात भेटलात ना तुम्ही.

परवा लेकीला रंग आणायला गेले होते, पोस्टर कलरची निळी बाटली दिसली आणि एकदम तूच आठवलीस. एलिमेंटरीला माझी बाटली सांडली होती आणि तू तुझ्यातला अर्धा निळा झाकणात ओतून दिलास, बाई बघतायत तरी. तुझ्यामुळे तो पेपर पूर्ण झाला माझा, हे तुला कधी बोललेच नाही बहुतेक.

बरं एक सांग, आपल्याला ड्रॉइंगला होत्या त्या बाईंचं आडनाव काय गं? काही केल्या आठवेना. सावकाश सांग, घाई नाही."

संपलं. सुजाताला हे फारच छोटं वाटत होतं, म्हणाली एवढंच? एवढंच.

यात बऱ्याच गोष्टी गुपचूप काम करतात. नंबर कुठून आला ते लगेच तिसऱ्याच वाक्यात सांगितलंय, विशेषतः बाईमाणसाच्या नंबरच्या बाबतीत हे लागतंच, आणि वर्गातला मुलगा लिहीत असेल तर दुप्पट लागतं. (त्या केसमध्ये मी तर म्हणेन मधल्या मैत्रिणीलाच आधी विचारायला सांगा, देऊ का नंबर म्हणून. अनपेक्षितपणाची गंमत थोडी जाते, जाऊ दे.) 'आत्ताच का' याचं उत्तर रंगाच्या दुकानात आहे, त्यामुळे पॉलिसीची शंका येत नाही. काम काही नाहीये असं मात्र कुठेही लिहिलं नाही, कारण 'माझं काही काम नाहीये गं' असं लिहिलं की हमखास काम आहे असंच वाटतं. लेकीचा उल्लेख ठेवायचा का यावर आमचं थोडं चाललं, मला काढावासा वाटत होता, पण ती म्हणाली मी माझं सांगतेय, तिचं विचारत नाहीये, आणि ते पटलं.

शेवटचा प्रश्न मुद्दाम तसा आहे. उत्तर एका शब्दाचं, माधवीला माहीत असायची शक्यता जास्त, आणि नसलं तरी 'अगं मलाही आठवेना' हेही चालतं. 'अजून चित्रं काढतेस का' असा प्रश्न सुजाताच्या डोक्यात होता, पण पंचवीस वर्षांत ब्रश हातात न धरलेल्या बाईला तो टोचू शकतो.

आणि 'तू'. एवढ्या वर्षांनी थेट अगं-तूगं कसं करायचं म्हणून काही जण 'आपण कशा आहात' लिहितात. बाकावरच्या मैत्रिणीला 'आपण' म्हटलं की बँकेतून मेसेज आल्यासारखं वाटतं. एका बाकावर बसलेल्यांनी तूच म्हणायचं.

दहावीच्या निरोप समारंभाचा ग्रुप फोटोही तिच्याकडे होता, तो तिला आधी पाठवायचा होता. थांबवलं. नुसता फोटो आला की नोटिफिकेशनला 'फोटो' एवढंच दिसतं, आणि अनोळखी नंबरवरचा फोटो लोक उघडत नाहीत, उघडूही नये. तो पुढच्या बोलण्याला ठेवला. गुढीपाडव्याला पाठवू का असंही मध्ये निघालं होतं, तर सणाच्या दिवशी शंभर शुभेच्छांच्या ढिगात असला मेसेज गाडला जातो. साधा शनिवार, दुपारी चारच्या सुमाराला पाठवला. पाठवायच्या आधी त्या अभ्यासातलं वापरलं, म्हणजे तिने चहा घेता घेता दोन आत्ताच्या मैत्रिणींना काहीबाही मेसेज केले आणि त्याच ओघात हाही सोडला.

संध्याकाळी टिक निळ्या झाल्या आणि उत्तर नाही. रविवार गेला, सोमवार गेला. सोमवारी डब्याच्या वेळी सुजाताचा चेहरा बघण्यासारखा होता, 'वाचलंय गं, तरी काही नाही, एक नुसतं प्रश्नचिन्ह टाकू का?' अजिबात नाही. एकच टिक राहिली तर नंबर बंद असेल, नेट नसेल किंवा ब्लॉक केलं असेल, दोन राखाडी म्हणजे पोचलाय, आणि निळी झाली म्हणजे उघडला गेलाय, त्यापलीकडे टिकमधून काहीच कळत नाही. काही जणांनी ती निळी टिक बंदच करून ठेवलेली असते, त्यांचं तर एवढंही कळत नाही. आम्ही ठरवलं होतं की काहीच नाही आलं तर महिन्याभराने तो ग्रुप फोटो एका ओळीसकट पाठवायचा आणि मग विषय सोडायचा. तिसरा मेसेज नाही.

मंगळवारी रात्री उत्तर आलं. आधी बाईंचं आडनाव, पुढे 'विसरलीस कशी गं तू'. मग लगेच दुसरा, की शनिवारीच वाचला होता, रडू आलं म्हणून लिहिता आलं नाही, त्या पेपरला बाबांनीच सायकलवरून सोडलं होतं दोघींना, आणि बाबा २०२१ मध्ये करोनात गेले.

दुसऱ्या ड्राफ्टमधलं ते 'काका अजून तेवढेच कडक का' गेलं असतं तर काय झालं असतं, ते सुजाताने मला बोलूनही दाखवलं नाही, नुसतं बघितलं.

आता यावर काय लिहायचं हा खरा अवघड मेसेज होता, पहिल्यापेक्षाही. सुजाताने 'भावपूर्ण श्रद्धांजली' टाईप केलं आणि स्वतःच खोडलं. कसे गेले, किती दिवस ॲडमिट होते, यातलं काही विचारलं नाही. लिहिलं ते हे: "काका गेले हे माहीतच नव्हतं गं. मी पुढे दांडीवर आणि तू मागे कॅरिअरवर होतीस, आणि सेंटरच्या गेटवर त्यांनी माझीही पेन्सिल टोक काढून दिली होती. तुझ्याशी बोलावंसं वाटतंय, तुला जमेल तेव्हा फोन कर." इथे फोन चालतो, कारण दार आता तिने उघडलेलं आहे. रविवारी फोन झाला, किती वेळ ते मला माहीत नाही, सोमवारी सुजाताचा आवाज बसला होता एवढं खरं. ग्रुप फोटो त्यानंतर गेला.

सगळ्यांचं असं होत नाही, तेव्हा दुसरी शक्यताही सांगते. याच धर्तीचा मेसेज आमच्या बॅचमधल्या एकाने त्याच्या मित्राला केला, आठवण चांगली, प्रश्न सोपा, सगळं नीट, आणि उत्तर आलं: 'हो, आठवतंय. मजेत ना?' आणि पुढे काही नाही. याला लगेच थंड म्हणू नका, काही माणसं टाईपच एवढं करतात, आणि काहींना शाळेचे दिवस परत नकोच असतात, घरी तेव्हा काय चालू होतं आपल्याला थोडंच माहीत असतं. त्याने उत्तर तेवढ्याच लांबीचं दिलं, 'मजेत. आठवण आली म्हणून लिहिलं रे, बरं वाटलं' आणि थांबला. वर्ष होत आलं तरी मित्राकडून काही आलेलं नाही, नंबर मात्र दोघांकडे सेव्ह आहे, आणि मधे त्याने आंब्याच्या झाडाचं स्टेटस टाकलं तर बघणाऱ्यांच्या यादीत त्या मित्राचं नाव होतं.